चप्पल चावली तर परत करा

‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही ओळ आपल्याकडच्या बिलांवर इतकी मुरलेली आहे की ती वाचायच्या भानगडीत कुणी पडत नाही. दुकानात ती खपूनही जाते. कोल्हापुरी चप्पल घ्यायला आलेला माणूस जोडी पायात घालतो, चार पावलं टाकतो, तळ वाकवून बघतो, चामड्याचा वास घेतो, शंभर रुपये कमी करा म्हणतो आणि मग पैसे देतो. पैसे देण्याआधीच त्याची बहुतेक शंका फिटलेली असते. तीच चप्पल इन्स्टाग्रामवर किंवा स्वतःच्या छोट्या वेबसाइटवर विकायला ठेवली की यातलं काहीच उरत नाही. फोटोत चामडं आणि रेक्झिन सारखंच चमकतं, आठ नंबर कुणाचा आठ हे कळत नाही, आणि विकणारा कोण, कुठला, उद्या फोन उचलेल का, हेही माहीत नसतं. अशा वेळी घेणाऱ्याच्या मनात किमतीपेक्षा मोठा प्रश्न असतो: नाही बसली तर काय? या प्रश्नाचं उत्तर जो विक्रेता किमतीच्या शेजारीच, स्पष्ट शब्दांत देतो, त्याची ती ओळ जाहिरातीचं काम करते. मात्र ही जाहिरात फुकट नसते. ती किती महाग पडते, कुठे वसूल होते आणि कुठे नाही, हे आकडे मांडल्याशिवाय कळत नाही, आणि ‘ग्राहक देवो भव’ म्हणत उदार होणारे छोटे विक्रेते नेमके तिथेच फसतात.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. सदोष माल परत घेणं ही उदारता नव्हे, तो कायदा आहे. २०२० च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांनुसार वस्तू सदोष निघाली, बनावट निघाली, जाहिरातीत सांगितली तशी नसली किंवा कबूल केलेल्या मुदतीनंतर पोचली, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. उशीर आवाक्याबाहेरच्या संकटामुळे झाला असेल तर तेवढी सूट आहे. अंगठा उसवलेली जोडी परत घेऊन ‘आम्ही किती ग्राहकप्रेमी’ अशी पोस्ट टाकण्यात म्हणूनच अर्थ नाही. युरोपात ऑनलाइन घेतलेली बहुतेक वस्तू चौदा दिवसांत कारण न देता परत करण्याचा हक्कच ग्राहकाला आहे. आपल्याकडे असा सरसकट हक्क नाही. म्हणजे माल उत्तम आहे, सांगितला तसाच आहे, पण पायाला बसला नाही किंवा रंग मनात भरला नाही, अशा वेळी परत घ्यायचा की नाही, हे आपल्याकडे विक्रेत्याच्या मर्जीवर आहे. विक्रीचं साधन म्हणून जे काही करता येतं ते याच मोकळ्या जागेत.

ही जागा एवढी मोलाची का, याचं उत्तर अर्थशास्त्रात जुनं आहे. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचं उदाहरण घेऊन दाखवलं की घेणाऱ्याला बरं-वाईट ओळखता येत नसेल तर तो सगळ्यांनाच वाईट धरून भाव पाडतो आणि चांगला माल विकणारा बाजारातून उठतो. यावरच्या उपायांत त्यांनी हमीचाही उल्लेख केला होता. हमी चालते ती शब्दांच्या गोडव्यामुळे नाही, तर ती खोट्या माणसाला परवडत नाही म्हणून. ‘अस्सल चामडं’ असं लिहायला रेक्झिनवाल्यालाही पैसे पडत नाहीत. ‘पंधरा दिवसांत परत करा, न्यायला माणूस आम्ही पाठवू, पैसे पूर्ण परत’ असं त्याने लिहिलं तर दर दहांतल्या चार-पाच जोड्या परत येऊन तो महिन्याभरात बुडेल. घेणाऱ्याला हे गणित मांडता येत नसेल, पण ते जाणवतं. शिकागोच्या माँटगोमरी वॉर्डने १८७२ मध्ये खेड्यापाड्यांतल्या शेतकऱ्यांना टपालाने माल विकायला सुरुवात केली आणि तीनच वर्षांत ‘समाधान नाही तर पैसे परत’ अशी हमी दिली, तेव्हा त्याच्यापुढची अडचण हीच होती: न पाहिलेला माल, न पाहिलेला दुकानदार.

पण उदार धोरण म्हणजे सगळ्याच बाबतीत उदार, असं नाही. नारायण जानकीरामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये या विषयावरच्या आधीच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून तपासले, तेव्हा उदारतेचे निरनिराळे पैलू निरनिराळा परिणाम करतात असं दिसलं. पूर्ण पैसे परत देणं आणि परत करण्याचा खटाटोप कमी ठेवणं, यांनी खरेदी वाढते. मुदत लांब ठेवली तर परत येणारा माल उलट कमी होतो. आणि कुठलाही माल, कुठल्याही अवस्थेत परत घेऊ असं म्हटलं की परतीचं प्रमाण वाढतं. एकंदरीत पाहता, उदारतेने जेवढी खरेदी वाढते तेवढं परत येणं वाढत नाही. यातला मुदतीचा मुद्दा अनेकांना पटत नाही, कारण जास्त दिवस दिले तर जास्त लोक परत करतील, असं साधं तर्कशास्त्र सांगतं. माणूस तसा वागत नाही. ‘उद्या शेवटचा दिवस’ असेल तर तो आजच निर्णय उरकतो आणि शंका असेल तर वस्तू पाठवून मोकळा होतो. पंधरा दिवस असतील तर वस्तू घरात रुळते, आपली वाटू लागते.

कोल्हापुरीच्या बाबतीत तर हा मुद्दा चामड्यातच आहे. वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेलं जाड चामडं नवं असताना ताठ असतं. पहिले काही दिवस पट्टा आवळतो, अंगठा घासतो, जोडी चावते. थोडं तेल लावून रोज घरात तासभर घातली की चामडं सैल पडतं आणि पायाचा आकार घेतं. आता तीन दिवसांची मुदत देणारा विक्रेता काय करतो, ते पाहा. चप्पल सगळ्यात जास्त चावत असते नेमक्या त्याच दिवशी तो ग्राहकाला सांगतो की ठेवायची की परत करायची ते ठरव. पंधरा दिवस देणारा तीच जोडी मऊ व्हायला वेळ देतो. कोल्हापुरी विकणाऱ्याने तीन दिवसांची मुदत ठेवणं हा मला काटकसरीपेक्षा अडाणीपणा वाटतो.

आता हिशेब. समजा जोडीची किंमत १,५०० रुपये. कारागिराला ८०० गेले, पेटी आणि पॅकिंगला ४०, कुरियरला ९०, पेमेंट गेटवेला ३०. जाहिरात सोडून जोडीमागे ५४० उरले. महिन्याला शंभर ऑर्डर येतात आणि जाहिरातीवर २०,००० रुपये जातात. परत आलेली जोडी किती महाग पडते? जाताना झालेले पॅकिंग, कुरियर आणि गेटवेचे १६० बुडाले, कारण गेटवेने कापलेले पैसे सहसा परत मिळत नाहीत. रिव्हर्स पिकअपला ११०, पुसून-पासून नव्या पेटीत घालायला ३०. आणि चारांतली एक जोडी नवी म्हणून विकता येत नाही, ती ४०० रुपये कमी घेऊन काढावी लागते, म्हणजे सरासरी १०० रुपयांची घट. एकूण ४००. कडक धोरणात शंभरातल्या फक्त चार सदोष जोड्या परत आल्या, तर जाहिरातीआधी महिन्याला ५०,२४० रुपये उरतात. उदार धोरणात परत येणाऱ्या जोड्या बारा टक्क्यांवर गेल्या, तर प्रत्येक ऑर्डरमागचं उत्पन्न सरासरी ५०२ वरून ४२७ वर येतं. म्हणजे पूर्वीइतकेच पैसे हाती राहायला शंभराच्या जागी ११८ ऑर्डर लागतील. अठरा टक्के विक्री वाढली तर बरोबरी, त्याहून जास्त वाढली तर फायदा, कमी वाढली तर घाटा.

हा आकडा पाहून बरेच जण तिथेच थांबतील, आणि बारा टक्क्यांच्या सगळ्या जोड्यांचे पैसे परत जाणार असतील तर त्यांचं थांबणं चूकही नाही. पण त्या बारा जोड्यांत डोकावून पाहायला हवं. चपलांच्या धंद्यात परत येणारा बराच माल मापाचा असतो. ग्राहकाला चप्पल हवी असते, हा नंबर नको असतो. त्याला पैशांऐवजी दुसरा नंबर दिला, तर जुनी जोडी आणायचे ११०, नवी पाठवायचे पॅकिंगसह १३०, पुसापुशीचे ३० आणि घटीचे १०० असे ३७० रुपये जातात, पण विक्री टिकते आणि त्या ऑर्डरवर १७० रुपये तरी उरतात. एक परतावा बदलीत वळवला की ५७० रुपयांचा फरक पडतो. बारांतल्या सहा जोड्या बदलीत वळल्या, तर बरोबरीला ११८ ऐवजी १०९ ऑर्डर पुरतात. त्याच्याही आधीची पायरी म्हणजे चुकीचा नंबर जाऊच न देणं. कागदावर पाय ठेवून पेन्सिलीने कड आखायची, टाचेपासून लांब बोटापर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये मोजायचं आणि त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा, एवढं ग्राहकाकडून करून घेतलं तरी बऱ्याच चुका टळतात. ‘तुम्ही बूट कितीचा घालता’ या प्रश्नावर विसंबू नये. बूट बंद असतो, कोल्हापुरी उघडी, आणि कारागिरागणिक नंबर थोडा इकडेतिकडे होतो. असं करून परतीचं प्रमाण आठ टक्क्यांवर आलं आणि त्यातल्या निम्म्या बदल्या झाल्या, तर १०४ ऑर्डरमध्ये बरोबरी होते. चार टक्के विक्री वाढवण्याची अपेक्षा एका ठळक ओळीकडून ठेवणं अवास्तव नाही. अठरा टक्क्यांची ठेवणं हा जुगार आहे.

इथे एक आक्षेप रास्त आहे, आणि परतीच्या धोरणाची भलामण करणारे तो टाळतात. ते म्हणतात, ऑर्डरमागे ७५ रुपये जास्त खर्च झाला तर काय बिघडलं, जाहिरातीवर ऑर्डरमागे २०० जातातच की! ही तुलना फसवी आहे. जाहिरातीचा पैसा नवा ग्राहक आणायला जातो. परतीची सोय मात्र जे शंभर जण तसेही घेणार होते त्यांनाही मिळते, आणि त्यांच्यातलेही काही जण तिचा वापर करतात. म्हणून जाहिरातीतून पुढची ऑर्डर २०० रुपयांत मिळत असेल तोवर जाहिरातच स्वस्त. पण ती कायम २०० ला मिळत नाही. ओळखीतले, कोल्हापुरीचे मूळचे शौकीन, लग्नसराईतले असे सोपे ग्राहक संपले की पुढच्या ऑर्डरला ३५०, मग ४५० पडू लागतात. त्या टप्प्यावर पेजवर येऊन, फोटो बघून, न घेताच परत जाणारी माणसं खूप असतात, आणि त्यांना आणण्याचा खर्च आधीच झालेला असतो. परतीची हमी त्यांना थांबवते. माझ्या मते हे साधन पहिल्या दिवसाचं नाही. जाहिरात वाढवूनही ऑर्डर वाढेनाशा होतात तेव्हाचं आहे.

दुसरा आक्षेप लबाडीचा. लग्नात मिरवून सोमवारी परत पाठवणारे असतातच. अमेरिकेतल्या एल. एल. बीन या कंपनीचं उदाहरण यासाठी नेहमी दिलं जातं. १९१२ मध्ये तिच्या संस्थापकाने विकलेल्या पहिल्या शंभर जोड बुटांपैकी नव्वद तळ सुटल्यामुळे परत आले, त्याने पैसे दिले, बूट सुधारले, आणि त्याच कथेवर कंपनीचं नाव झालं. पुढे परतीला मुदतच नव्हती. अखेर २०१८ मध्ये कंपनीने ती एका वर्षावर आणली, कारण लोक दशकांपूर्वीचे, इतकंच काय जुन्या बाजारातून उचललेले बूट आणून नवे मागू लागले होते. मला यातून निघणारा निष्कर्ष उदारतेविरुद्ध वाटत नाही. बीनची चूक वस्तूच्या अवस्थेला आणि काळाला मर्यादा न घालण्यात होती, आणि मर्यादा घातल्यावरही एक वर्ष ही मुदत बहुतेक दुकानांपेक्षा मोठीच आहे. छोट्या विक्रेत्याने पैसे, खटाटोप आणि मुदत यांत सैल राहावं. वस्तूच्या अवस्थेत मात्र ताठ. नियम एकच पुरतो: घरात घालून पाहिलेली चालेल, रस्त्यावर घातलेली नाही. आणि चामड्याचा तळ खोटं बोलत नाही. फरशीवर चाललेल्या जोडीच्या तळाला नुसती हलकी चकाकी येते. डांबरावर किंवा मातीत चाललेल्या तळाला टाचेच्या कडेला खरखरीत ओरखडे दिसतात, शिवणीच्या वादीत धूळ भरते, आणि ती पुसल्याने निघत नाही. पाण्यात भिजलेली जोडी वाळल्यावरही कडेला काळपट डाग ठेवते. पाठवण्याआधी दोन्ही तळांचा फोटो ऑर्डर नंबरच्या चिठ्ठीसकट काढून ठेवला की वाद दोन मिनिटांत मिटतो. तरीही एखादा गोड बोलून फसवेल. त्याचे चारशे रुपये सोसावेत आणि तो फोन नंबर पुढच्या वेळी कॅश ऑन डिलिव्हरीसाठी बंद करावा. एका लबाडासाठी नव्व्याण्णव जणांना संशयाने वागवणारे नियम लिहिले की जाहिरातीचा सगळा परिणाम तिथेच मरतो.

कॅश ऑन डिलिव्हरीवरून आठवलं. दारात पार्सल नाकारलं गेलं आणि न उघडताच परत आलं, ज्याला या धंद्यात सगळे आरटीओ म्हणतात, त्याचा परतीच्या धोरणाशी संबंध नाही. तिथे ग्राहकाने चप्पल पाहिलेलीच नसते. दोन्ही आकडे एकाच वहीत एकत्र लिहिणारा विक्रेता ‘परत घेणं परवडत नाही’ अशा निष्कर्षाला येतो, जेव्हा त्याला प्रत्यक्षात न परवडणारी गोष्ट असते कॅश ऑन डिलिव्हरी. उलट पूर्ण परताव्याची हमी फक्त आधी पैसे भरणाऱ्यांना दिली, तर काही ग्राहक आगाऊ पैसे द्यायला तयार होतात आणि आरटीओही घटतो. मोठ्या मार्केटप्लेसवर विकणाऱ्याला हे सगळं फारसं लागू नाही. तिथे परतीचे नियम बव्हंशी मार्केटप्लेसच ठरवतं आणि तुमची उदारता त्याच्या नावावर जमा होते.

परत करणारा ग्राहक गेलाच, असंही समजू नये. बॉवर आणि मॅक्सहॅम या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी दोन ऑनलाइन विक्रेत्यांच्या ग्राहकांचा माग काढला. परतीचा खर्च ज्यांना स्वतः भरावा लागला त्यांची त्या दुकानातली खरेदी पुढच्या दोन वर्षांत किमान पाऊणपट घटली, आणि ज्यांना मोफत परत करता आलं त्यांची खरेदी दीडपटीहून जास्त झाली. कोल्हापुरी दर महिन्याला कुणी घेत नाही, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे लावू नयेत. पण चप्पल घरातल्या चार पायांना लागते, आणि ‘नाही बसली तर घेतात परत’ हे वाक्य नणंदेपर्यंत, ऑफिसातल्या ग्रुपपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. परतावा किती लवकर मिळतो यावर ते वाक्य कुठल्या सुरात बोललं जाईल, हे ठरतं. पार्सल हातात आल्यापासून चोवीस तासांत यूपीआयवर पैसे पाठवणं छोट्या विक्रेत्याला सहज जमतं. तिथे मोठ्या कंपन्यांच्या तक्रारींची रांग नसते, हे त्याचं बळ आहे.

एवढं सगळं करून ती ओळ वेबसाइटच्या तळाशी बारीक अक्षरात टाकली तर खर्च होतो आणि विक्री वाढत नाही, कारण परत करायचं असलेला माणूस ती शोधून काढतोच. घ्यायचं की नाही या विचारात असलेला शोधत नाही. तिची जागा किमतीच्या आणि नंबर निवडण्याच्या बटणाच्या मध्ये. भाषा अशी असावी: ‘नवी कोल्हापुरी पहिले काही दिवस चावते. पंधरा दिवस घरात घालून पाहा. तरी नाही बसली तर दुसरा नंबर पाठवू किंवा पूर्ण पैसे परत. न्यायला माणूस आम्ही पाठवू. फक्त बाहेर घालू नका.’ यात बदली आधी आणि परतावा नंतर आला आहे, तो मुद्दामच. परिणाम तपासायचा तर दिवाळीच्या महिन्याची तुलना श्रावणाशी करू नये. एक आठवडा ओळ दाखवावी, एक आठवडा लपवावी, असं तीन-चार महिने चालवावं, ज्याने ज्या आठवड्यात घेतलं त्याला तेव्हाचं वचन पाळावं, आणि शेवटची पंधरा दिवसांची मुदत संपल्यावरच आकडे मांडावेत. महिन्याला शंभर ऑर्डर असताना दहा-बारांचा चढउतार निव्वळ योगायोगानेही होतो, म्हणून पहिल्याच महिन्यात हुरळून किंवा घाबरून जाण्यात अर्थ नाही.

आणि ही सोय सगळ्यांसाठी नाही. सहाशे रुपयांची साधी चप्पल विकून जोडीमागे दोनशे रुपये मिळवणाऱ्यालाही कुरियर जवळजवळ तेवढंच पडतं, म्हणजे परत आलेली जोडी त्याला साडेतीनशेला पडते. चार टक्क्यांवरून परत येणारा माल बारा टक्क्यांवर गेला, तर नुसत्या बरोबरीसाठी त्याची विक्री एक तृतीयांशाने वाढावी लागेल. त्याने परताव्याच्या वाटेला जाऊ नये. दुसरा नंबर बदलून द्यावा आणि कुरियरचे पैसे ग्राहकाकडून घ्यावेत, तेही तितक्याच ठळक अक्षरात लिहून.